सहाच्या सभेसाठी वचने

ही वचने डोंबिवलीतील आपल्या वाचक मंडळासाठी निवडली आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता सभा सुरू होताना त्यांतील एक वाचून दाखवावे आणि महिनाभर ते फळ्याशेजारी लावून ठेवावे. मराठीत सुविचारालाही वचन म्हणतात आणि दिलेल्या शब्दालाही वचनच म्हणतात. म्हणून ही निवड करताना वक्तशीरपणाची वचने वेगळी आणि शब्द पाळण्याची वेगळी, असा भेद केलेला नाही, कारण आपल्या मंडळापुरता तो मला कोठेच आढळला नाही.

वेळ दिली की ती आपली राहत नाही.

हे वचन माझेच आहे आणि ते पहिल्या सभेत वाचावे, असा माझा आग्रह आहे. आपण एखाद्याला 'वेळ देतो' असे म्हणतो, तेव्हा भाषा नेमके बोलत असते. दिलेली वस्तू परत वापरायची, तर घेणाऱ्याला विचारावे लागते. सहाची वेळ आपण एकमेकांना दिलेली आहे, आणि ती न विचारता परत घेतल्याची झळ कोणाला लागते हे मागच्या सभेत सर्वांनी पाहिले. सभा ६ वाजून ४० मिनिटांनी सुरू झाली, तरी बदलापूरच्या काकूंना आठला निघायचे होतेच, आणि खोलीची किल्लीही साडेआठपर्यंत परत करायची होती. त्यामुळे ती ४० मिनिटे वजा झाली ती शेवटच्या वक्त्याच्या वाट्यातून. आपल्यातील सर्वांत लहान सभासदाने महिनाभर तयारी केली होती, टिपणांच्या कागदांना आकडे घातले होते, आणि तिला ६ मिनिटे मिळाली. तिने चौथा कागद उलटला, घड्याळाकडे पाहिले आणि उरलेले कागद वहीत ठेवून दिले.

बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले.

या ओळीचा उपयोग आपण बहुधा थोरांच्या गौरवासाठी करतो, परंतु ती आपल्या दारात लागू पडते ती आपल्या ज्येष्ठ गुरुजींना. ते पावणेसहाला येतात, खिडक्या उघडतात, खुर्च्या गोलाकार मांडतात, पंखा लावतात आणि थर्मास टेबलावर ठेवून बसतात. आपण पोहोचतो तेव्हा चहा कोमट झालेला असतो, आणि त्याबद्दल त्यांनी आजवर एक शब्दही काढलेला नाही. त्यांच्या मौनाला आपण संमती समजलो, ही आपली चूक आहे.

घटका गेली, पळे गेली, तास वाजे झणाणा.

याचा पुढचा भाग नामस्मरणाचा आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. मला येथे घटका या शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत सोडायची. ती हळूहळू भरत जाऊन बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा दिवस आणि ६० पळांची एक घटका. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी या वाटीवर नजर ठेवून बसत असत, कारण मुहूर्त कोणाच्या सोयीने पुढे सरकत नसे. मागच्या सभेत टेबलावर अशी वाटी ठेवली असती, तर आपण सुरुवात करीपर्यंत ती एकदा बुडून दुसऱ्यांदा दोन-तृतीयांश भरली असती. डोळ्यांसमोर पाणी चढताना दिसले, तर 'थोडा उशीर' हे शब्द आपल्या तोंडून सहज निघणार नाहीत, असे मला वाटते.

थेंबे थेंबे तळे साचे.

ही म्हण साठवणुकीची आहे, पण गळतीलाही ती तितकीच लागू पडते. मागच्या वेळी ११ जण वेळेवर आले होते. त्यांची प्रत्येकी ४० मिनिटे एकत्र मांडली तर ४४० मिनिटे, म्हणजे ७ तास २० मिनिटे होतात. उशिरा येणाऱ्याला वाटते की आपण स्वतःची काही मिनिटे खर्च केली, पण प्रत्यक्षात खर्च होतो तो दुसऱ्यांचा.

दिवस गेला रेटारेटी, चांदण्यात कापूस वेची.

शनिवारी दुपारी चारला पुस्तक उघडणाऱ्यांसाठी. अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नाही.

'निघालोच' हा शब्द घरातून बाहेर पडल्यावरच उच्चारावा.

भ्रमणध्वनीमुळे उशीर कळवणे सोपे झाले, आणि त्याबरोबर खोटे आश्वासन देणेही सोपे झाले. 'पाच मिनिटांत पोहोचतो' असा निरोप आला की सभा त्या पाच मिनिटांसाठी थांबते, मग पुढच्या पाचांसाठी. ज्याला साडेसहा होणार आहेत त्याने साडेसहा असेच कळवावे, म्हणजे कोणी खोळंबणार नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढल्याने पंगत उठत नाही, ती उपाशी बसून राहते.

'जमणार नाही' हाही शब्दच आहे. तो आधी द्यावा.

येता न येण्यात कमीपणा नाही. घरी आजारपण असते, पाहुणे येतात, कार्यालयात काम निघते. शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवले, तर विषयांचा क्रम बदलता येतो. शनिवारी सहाला कळवले, तर फक्त खुर्ची रिकामी राहते.

वारी चुकू नये.

देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला, आणि आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचे असते. पाऊस असो वा ऊन, मुक्काम ठरलेले असतात. हा नेम पाळणारी माणसे आपल्यासारखीच शेती, नोकरी, संसार सांभाळणारी आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ पाळणे त्यापुढे फार नाही.

एका मुद्द्याचे उत्तर येथेच देतो. 'आपल्याकडे असेच चालते, आपण जुन्या मुंबई वेळेने चालतो' असे सभेत म्हटले गेले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, आणि त्यानंतरही अनेक वर्षे मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ वापरात होती, हे खरे आहे. परंतु ती वेळ मानणारे सगळे एकाच घड्याळाने चालत, आणि त्या घड्याळात सहा वाजले की त्यांच्यासाठी सहाच वाजलेले असत. आपल्या सभेत मात्र प्रत्येक जण स्वतःच्या वेळेने येतो, आणि त्याला कोणत्याही शहराची वेळ म्हणता येणार नाही. शिवाय हेच आपण सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांची लोकल त्या बावन्नाच्या मिनिटाला फलाटावर उभे राहून पकडतो.

येत्या सभेपासून दार सहाला लोटले जाईल, बंद होणार नाही. नंतर येणाऱ्याने ते हळू उघडून मागच्या रांगेत बसावे, आणि वक्त्याने बोलणे थांबवू नये. चहा मध्यंतरात मिळेल. वचनाचे वाचन गुरुजी करतील आणि ६ वाजून ५ मिनिटांनी पहिले निवेदन त्या मुलीचे असेल, तिच्या पाचव्या कागदापासून नव्हे, पहिल्यापासून.