कोड चालेना? दुकानावर यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आपल्या उदगीरच्या दुकानात एकच गाऱ्हाणं येतं: "दादा, तुम्ही दिलेल्या गिफ्ट कार्डाचा कोड फोन घेईना बघा." दोन-तीन दिवसांत तेरा जण आले. त्यातल्या दहा जणांचा कोड चांगला होता. म्हणून हे सगळ्यांसाठी एकदाच लिहून पाठवतोय.

पहिली गोष्ट, कोड नाकारला की लगेच पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. चार-पाच वेळा चुकलं की बरीच ॲपं काही तास कोडच घेत नाहीत, मग खरा कोडही नाकारला जातो. लाल अक्षरात काय आलंय त्याचा स्क्रीनशॉट काढा. "एरर आला" एवढ्यावरून मला काही कळत नाही.

टायपिंगची चूक आहे का ते आधी बघा. परवा एक काका आले, सोळाही अक्षरं बरोबर, तरी नाकारतंय. कीबोर्ड मराठी होता, 5 च्या जागी ५ पडत होता. आपल्याला दोन्ही पाचच, मशीनला नाही. इंग्रजी कीबोर्ड लावा. शून्य आणि O, एक आणि I, आठ आणि B नीट बघा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलात तर शेवटी मोकळी जागा चिकटून येते, ती खोडा. आणि कार्ड किल्लीनं खरवडू नका, अक्षरच निघून जातं. नखानं किंवा नाण्याच्या कडेनं हळू घासा.

हे सगळं नीट असेल तर मग बहुतेक वेळा तीनच कारणं उरतात.

देश वेगळा

आपल्याकडं हे सगळ्यात जास्त होतं, कारण घराघरातलं एक लेकरू आता दुबईत, नाहीतर अमेरिकेत आहे. एका ताईच्या मुलानं अमेरिकेतून भाचीच्या वाढदिवसाला 50 डॉलरचं प्ले स्टोअरचं कार्ड पाठवलं. कार्ड खरं, पैसे भरलेले, कुणी वापरलेलं नाही. तरी इथं नाकारलं. ताई म्हणाल्या, "पोरानं फसवणूक करून घेतली का काय?" तसं काही नव्हतं. ज्या देशासाठी कार्ड निघालं, त्याच देशाच्या खात्यात ते चालतं. डॉलरचं कार्ड रुपयाच्या खात्यात बदलून जमा होत नाही.

तुमचं खातं कोणत्या देशाचं आहे ते प्ले स्टोअरमध्ये दिसतं. वर आपला फोटो दाबा, मग असं जा:

```
Settings > General > Account and device preferences
```

तिथं `Country and profiles` खाली देश दिसेल. आता कुणीतरी सांगेल, देश बदलून टाका. टाकू नका. देश बदलायला तुम्ही त्या देशात असावं लागतं आणि तिथलं पैसे भरायचं साधन लागतं. वर्षातून एकदाच बदलता येतं, आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. व्हीपीएन लावूनही खात्याचा देश तोच राहतो. आयफोनवाल्यांनाही तसंच, तिथं तर आधीची शिल्लक संपवल्याशिवाय देश बदलूच देत नाहीत.

मग करायचं काय? मुलानं ते कार्ड तिकडंच स्वतःच्या खात्यात वापरावं आणि तेवढे पैसे इकडं पाठवावेत. भाचीसाठी इथलं कार्ड आम्ही देतो. ताईनं तेच केलं.

उलट गोष्टही होते. दुबईहून परत आलेल्यांचं खातं अजून तिथलंच असतं, आणि आमच्याकडचं रुपयाचं कार्ड त्यात जात नाही. कार्ड घेताना मी हल्ली विचारतोच, "खातं कुठं उघडलेलं?" राग मानू नका.

मुदत संपली

यात दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या लोक एकच समजतात. गिफ्ट कार्डात तुम्ही स्वतः पैसे भरलेले असतात. प्रोमो कोड म्हणजे दुकानदारानं दिलेली सवलत, ती त्याच्या मर्जीची.

बँकांची आणि बऱ्याच दुकानांत चालणारी गिफ्ट कार्डं रिझर्व्ह बँकेच्या नियमात येतात: 10,000 रुपयांपेक्षा जास्तीचं कार्ड निघत नाही आणि मुदत किमान एक वर्षाची असते. मुदत संपल्यावरही उरलेले पैसे कार्ड देणाऱ्याकडून खात्यात मागता येतात, म्हणून जुनं कार्ड फेकू नका. एकाच कंपनीत चालणाऱ्या कार्डाला हा नियम नाही. तिथं मागं छापलेली अट वाचावीच लागते.

तारीख वाचतानाही गडबड होते. अमेरिकेतल्या मेलमध्ये 04/05 म्हणजे आपली चार मे नव्हे, एप्रिलची पाच. प्रोमो कोडची मुदत रात्री बारापर्यंत असेल तर बारा कुठले तेही बघा. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका एवढंच सांगतो. आणि संपलेल्या प्रोमोवर भांडून काही मिळत नाही, आमच्याशी तर नाहीच.

आधीच वापरला

हा संदेश आला की माणूस थेट चोरीवर येतो. थांबा. बहुतेक वेळा कोड घरातल्याच कुणीतरी वापरलेला असतो, किंवा तुम्हीच, दुसऱ्या मेलवर.

गेल्या महिन्यात औराद रोडचे एक गिऱ्हाईक 500 चा कोड घेऊन परत आले, तोंड लाल. त्यांच्या फोनवर दोन मेल होते. मुलीसाठी घेतलेला कोड मुलाच्या मेलवर जमा झालेला आणि मुलानं गेममध्ये 320 रुपये उडवलेले. `Payments & subscriptions` मधल्या `Budget & history` मध्ये सगळं दिसलं. मुलगा मागं उभा होता, एक शब्द बोलेना. ती शिल्लक एका खात्यातून दुसऱ्यात नेता येत नाही, म्हणून फोनवरचा प्रत्येक मेल उघडून बघा.

प्रोमो कोडला "वापरला" म्हणजे बरेचदा "तुमच्या नंबरवर एकदा होऊन गेला". पहिल्या ऑर्डरचा कोड घरात दुसऱ्यानं त्याच नंबरवर वापरला तर संपला. ऑर्डर रद्द केली तरी कोड परत येईलच असं नाही.

इतिहासात काहीच नसेल तर मात्र गंभीरपणे घ्या. खरवडायची पट्टी आधीच उचकटलेली होती का? कोडचा फोटो कुणाला पाठवला होता का? बँकेतून, लाइट बिलवाल्याकडून बोलतोय म्हणत फोनवर कुणी कोड मागितला होता का? तसं असेल तर लगेच 1930 ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. वेळ घालवलात तर पैसे पुढं निघून जातात.

एक चूक आमचीही असते, ती कबूल. काही कार्डं बिल करताना मशीनमध्ये चालू करावी लागतात. ते राहिलं तर कोड "अवैध" दाखवतो. धनत्रयोदशीच्या गर्दीत अशी दोन कार्डं राहिली होती. दोन्ही त्याच दिवशी चालू करून दिली.

येताना कार्ड, बिल, स्क्रीनशॉट आणि ज्या फोनवर कोड टाकला तो फोन आणा. बिल नसेल तर कार्ड कुठून, कधी घेतलं ते कळत नाही आणि मी कंपनीला काही विचारू शकत नाही. कंपनी दाद देईना तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. खरवडलेला कोड फोटो काढून मला इथं पाठवू नका, ग्रुपवर दीडशे जण आहेत.

दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ. सोमवारी बंद.