ताई, आप्पांच्या सगळ्या कॅसेट्स झाल्या, आणि इतकं थांबलात त्याबद्दल मनापासून थँक्यू

ताई नमस्कार,

झालं सगळं! अकराच्या अकरा कॅसेट्स, दोन्ही बाजू, सगळं कॉम्प्युटरवर उतरलंय आणि काल रात्री शेवटची फाइल पुन्हा एकदा पूर्ण ऐकूनच मी तुम्हाला लिहायला बसलोय. मेसेज मोठा होणार आहे, सवडीने वाचा.

आधी थँक्यू. गणपतीच्या आधी देतो म्हणालो होतो आणि दिवाळीही उलटली, दुसरं कुणी असतं तर दर दोन दिवसांनी फोन आला असता आणि तो आला असता तरी मला राग आला नसता, कारण तुमच्या वडिलांचा आवाज माझ्याकडे पडून होता, त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. तुम्ही मात्र एकदाच मेसेज केलात, "घाई नाही, फक्त नीट कर, आणि कॅसेट्स कोरड्या जागी आहेत ना तेवढं सांग." ताई, त्या एका मेसेजचा मला किती आधार झाला हे सांगता येणार नाही. अडकलेलं काम असलं की माणूस मेसेज उघडायलाच टाळतो, मला तुमच्या बाबतीत तसं कधी वाटलं नाही.

उशीर का झाला हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्हाला कळायला हवं. माझा जो चांगला डेक आहे त्याचा बेल्ट सैल झाला होता, पहिली कॅसेट लावली तर आप्पांचा आवाज एका लयीत येईना, स्वर लांबवला की हलल्यासारखा वाटायचा. नुसतं बोलणं असतं तर कदाचित चालून गेलं असतं पण त्यांनी कविता चालीवर म्हटल्यात, तिथे ते लगेच कानाला टोचतं. म्हणून ते काम तिथेच थांबवलं, बरोबर मापाचा बेल्ट मिळायला बराच वेळ गेला, आणि तो आला तेव्हा माझं दुसरं एक ठरलेल्या तारखेला द्यायचं काम सुरू झालं होतं. तेव्हा तुमचं काम मागे पडलं, हे तुमच्यापासून लपवायचं नाहीये. तुम्ही सांभाळून घेतलंत.

आता तुमच्या थांबण्याने काय मिळालं ते सांगतो, कारण मला तेच सांगायचंय. ती निळ्या लेबलची कॅसेट आठवते का, ज्यावर आप्पांच्या अक्षरात नुसतं "मुलांसाठी" लिहिलंय? तिच्यातला फेल्टचा छोटा चौकोन, जो टेपला हेडवर हलकेच दाबून धरतो, तो गोंद सुकून गळून पडला होता. तशीच वाजवली असती तर आवाज लांबून आल्यासारखा, मध्येच गायब, मध्येच परत असा आला असता. आणि त्या कॅसेटला स्क्रू नाहीत, कव्हर चिकटवून बंद केलेलं. मग शिवणीवरून हळूहळू उघडली, आतली दोन्ही चाकं टेपसकट उचलून स्क्रूवाल्या दुसऱ्या कव्हरमध्ये बसवली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली टेप साठवालीपेक्षा पातळ असते, जरा ओढली गेली तर ताणते आणि ताणलेली टेप परत पूर्वीसारखी होत नाही, त्यामुळे हे काम डोक्यात दुसरं काही नसतानाच करायचं असतं. तारखेच्या धाकात मी ते केलं नसतं, ती कॅसेट "खराब आहे" म्हणून तुम्हाला परत दिली असती. जुनं कव्हर लेबलसकट जपून ठेवलंय, ते तुमचंच आहे.

दुसरं, सगळ्या कॅसेट्सचा आवाज आधी गोधडीखालून आल्यासारखा येत होता. टेप खराब नव्हती हो. ज्या टेपरेकॉर्डरवर आप्पांनी रेकॉर्ड केलं त्याचं हेड किंचित तिरकं असणार, मग माझ्या डेकचं हेडही तेवढंच तिरकं केल्याशिवाय वरचे बारीक आवाज येत नाहीत. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचं, आणि हे प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला नव्याने. मी "स" आणि "च" वर कान ठेवून होतो. एका जागी आप्पा "सांज" म्हणतात, तो "सां" आधी नुसता "हां" वाटत होता, आणि स्क्रू जागेवर आला तशी ती अक्षरं एकदम स्वच्छ झाली, त्यांनी श्वास घेतलेलासुद्धा ऐकू यायला लागला!

खरखर मी थोडीच काढलीय, मुद्दाम. जास्त काढली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि माणसाचा श्वास पुसला जातो. मागे तुम्ही लहानपणी "आप्पा, परत" म्हणताय तेही ठेवलंय (तुम्हीच असाल ना, की धाकटी?). काही ठिकाणी आप्पा बोलायच्या आधी क्षणभर तेच शब्द अगदी पुसट ऐकू येतील, तो बिघाड समजू नका, टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका थराचं रेकॉर्डिंग शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं. ते काढायला गेलो असतो तर मूळ आवाज दुखावला असता म्हणून हात लावला नाही.

सातव्या कॅसेटच्या बी बाजूला शेवटची चारेक मिनिटं मात्र मिळाली नाहीत, तिथे वरून दुसरं काहीतरी रेकॉर्ड झालेलं आहे, त्याखालचं परत येत नाही. याचं मलाही फार वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी मी स्वतः घेऊन येतो, चालेल ना? पेनड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत, "मूळ" मध्ये मोठ्या वेव्ह फाइल्स आणि "ऐकण्यासाठी" मध्ये एमपीथ्री, फोनवर पाठवायला तेच वापरा. "मूळ" ची अजून एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ताबडतोब करून ठेवा, आणि तुमची होईपर्यंत माझ्याकडची मी पुसत नाही. कॅसेट्सही टाकू नका बरं का, उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, आणि मागच्या कडेचे छोटे टॅब ज्यांचे शाबूत होते ते मी तोडलेत म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही.

उरलेले पैसे आत्ता नको, सगळं निवांत ऐका, कुठे खटकलं तर कॅसेट आणि मिनिट लिहून पाठवा, मी परत करून देतो, आणि ठरल्यापेक्षा उशीर माझ्याकडून झालाय तर त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे अजिबात घेणार नाही. फक्त एक मदत लागेल, चौथ्या आणि नवव्या कॅसेटवर काहीच लिहिलेलं नाही, त्यातले इतर आवाज कुणाचे ते तुम्ही ओळखलेत तर फाइलला तशी नावं देता येतील. शनिवारी येताना लॅपटॉप आणतो, सोबत बसूनच करू.