म्हापशातली अभ्यासिका: अभ्यासाला चार तारे, कामाला दोन

बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर ही अभ्यासिका आहे. पाटीवर 'रीडिंग रूम आणि को-वर्किंग' लिहिलंय. त्यातलं पहिलं खरं, दुसरं अर्धवट. सकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि दुपारनंतर लॅपटॉपवर नोकरीचं काम, दोन्ही मी इथेच करतो, म्हणून दोघांच्याही सोयीचं लिहितोय.

बसायला उत्तम. प्रत्येक टेबलाला प्लायचा आडोसा, स्वतंत्र दिवा आणि प्लग. फक्त एसीच्या खालची रांग टाळा, पावसाळ्यात तिथे पाणी ठिबकतं.

आत कोणी बोलत नाही; फोन आला तर जिन्यात जायचं हा नियम मुलंच पाळायला लावतात. बाहेरचा आवाज मात्र कोणाच्या हातात नाही. शुक्रवारी बाजार असतो, तेव्हा रस्त्याकडच्या खिडकीजवळ बसू नका. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू येतो, पण त्याचा त्रास होत नाही, उलट चहाची वेळ कळते.

आता इंटरनेट. स्पीड वाईट नाही, दुपारी व्हिडिओ मीटिंग सुरळीत चालते. संध्याकाळी कॉलेजची मुलं आली की रखडायला लागतं, तरी पीडीएफ उतरवणाऱ्यांचं काही अडत नाही. खरी अडचण वीज गेल्यावर. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालू राहतात, राउटर बंद पडतो, कारण तो काउंटरमागच्या ज्या प्लगला लावलाय, ती लाइन इन्व्हर्टरवर नाहीच. एक वायर ओढायचं काम आहे! सांगितलं की "बघूया" म्हणतात. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे गोंयकारांना सांगायला नको. त्यामुळे मीटिंग असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि मीटिंग जिन्यात उभं राहून करायची तयारी ठेवा, कारण बोलायला वेगळी खोली नाही.

वेळ सकाळी सात ते रात्री दहा. दहाला पाच मिनिटं असतानाच दिवे मालवायला सुरुवात होते. पणजीच्या बाजूने येणाऱ्यांनी परतीच्या बसचं आधी बघावं.

फी ठरलेल्या जागेला महिना १,५०० रुपये, मिळेल त्या जागेला १,०००, शिवाय ५०० डिपॉझिट. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात रोज जायचं तर म्हापशाहून येण्याजाण्यातच वेळ जातो, तो हिशेब धरला तर विद्यार्थ्याला १,००० रास्तच. चवथीला अभ्यासिका सलग बंद होती, त्या दिवसांचे पैसे मात्र पूर्ण घेतले. तेवढे दिवस पुढे वाढवून द्यायला हरकत नव्हती. को-वर्किंगवाल्यांकडून २,५०० घेतात आणि त्यात जास्तीचं मिळतं काय, तर एक लॉकर. लॅपटॉपवाल्यांनीही १,५०० वाली जागाच घ्यावी, प्लग आणि वायफाय तेच आहे. भरण्याआधी डिपॉझिटची पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.