विषय: १ जुलैपासूनच्या बिलांवर उशिराच्या पेमेंटला व्याज

भोसरी, १२ जून

सप्रेम नमस्कार,

आपल्यापैकी बहुतेकांचे पेमेंट ठरल्या वेळी येते. त्यांनी हे पत्र वाचून नुसते फाइलला लावले तरी चालेल.

१ जुलैपासून निघणाऱ्या बिलांची रक्कम ४५ दिवसांत आली नाही, तर ४६व्या दिवसापासून वार्षिक १२ टक्के सरळ व्याज लागेल. उधारीची मुदत आजवर होती तीच आहे. ३० जूनपर्यंतच्या बिलांवर, जुनी येणी धरून, व्याज नाही. पंचेचाळिसावा दिवस बँकेच्या सुट्टीचा असेल, तर पुढचा कामाचा दिवस धरू. १ जुलैच्याच बिलाची मुदत १५ ऑगस्टला संपते!

एक लाखाच्या बिलाला दहा दिवस उशीर झाला, तर व्याज ३२९ रुपये होते. त्यावर जीएसटीही द्यावा लागतो, म्हणून डेबिट नोट जीएसटीसह येईल. या रकमेतून आमची कमाई व्हावी असा हेतू नाही. क्राफ्ट पेपरचे रीळ आता आगाऊ पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, आणि बिलाचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आम्ही भरतोच, आपले पेमेंट आलेले असो वा नसो. मधला सगळा काळ कॅश क्रेडिटवर निघतो आणि बँक त्याचे व्याज दर महिन्याला कापून घेते. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. आपल्याशी त्या हिशेबाने वागण्याची आमची इच्छा नाही, म्हणूनच दर साधा ठेवला आहे.

मालाबद्दल तक्रार असेल, तर तेवढ्या रकमेवर तक्रार मिटेपर्यंत व्याज धरणार नाही. मात्र माल पोचल्यापासून सात दिवसांत कळवावे. पावसाळ्यात खोकी दमट झाली की नेमकी कुठे भिजली, टेम्पोत की गोदामात, हे महिन्यानंतर कुणालाच सांगता येत नाही.

आणि एखाद्या महिन्यात आपलेच पैसे अडकले असतील, तर मुदत संपण्याआधी मला सरळ फोन करा. आपण तारीख ठरवू. त्या तारखेला पेमेंट आले, तर व्याज लावणार नाही. इतक्या वर्षांच्या व्यवहारात एकमेकांची अडचण आपण सांभाळत आलो आहोत, त्यात बदल नाही.

पुष्कळदा उशीर पैशांमुळे नव्हे, तर बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिल्यामुळे होतो. म्हणून जुलैपासून माल निघेल त्याच दिवशी बिलाची प्रत आपल्या अकाउंट्सला ईमेलने जाईल आणि मुदतीच्या आठवडाभर आधी आमच्याकडून आठवणीचा फोन येईल.

नव्या पीओमध्ये ही अट घालून घ्यावी आणि सोबतच्या प्रतीवर सही-शिक्का करून २५ जूनपर्यंत पाठवावी. काही खटकत असेल, तर सही करण्याआधी बोलू. पुढच्या आठवड्यात चाकणच्या बाजूला येणे आहेच.

आपला,
सुधाकर