आदर्श उत्तर : समान इरादा आणि अनेक आरोपींचे संयुक्त दायित्व

प्रश्न : करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका गावात दत्ता आणि महादेव यांचे शेत लागून आहे. सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांत वर्षभर भांडण होते. १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी चहाच्या टपरीवर दत्ता त्याचा धाकटा भाऊ संभाजी याला म्हणाला, "आज महाद्याची मस्ती जिरवतोच." टपरीवाल्याने हे ऐकले. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्री होती. साडेआठच्या सुमारास चुलतभाऊ विलास याने दोघांना मोटारसायकलवरून पाणंदीपर्यंत सोडले. दत्ताच्या हातात पोत्यात गुंडाळलेला ऊसतोडीचा कोयता होता, संभाजी रिकाम्या हाताने होता. विलास पाणंदीतच गाडीजवळ थांबला. तिथून विहीर सुमारे दोनशे फूट, मध्ये उभा ऊस. विहिरीवर बाचाबाची झाली. दत्ताने पोते टाकून कोयता काढला, तेव्हा संभाजीने महादेवला मागून दोन्ही हातांनी कवळ घातली. पहिला वार खांद्यावर बसला. महादेव ओरडला. संभाजी म्हणाला, "दादा, सोडू नगंस त्याला." दुसरा वार मानेवर बसला. महादेवचा पुतण्या बॅटरी घेऊन धावत येत होता. तेवढ्यात शेजारच्या उसातून रघुनाथ बाहेर आला, त्याने पुतण्याच्या मनगटावर काठी मारली आणि बॅटरी पडून विझली. रघुनाथ हा दत्ताचा मेहुणा. तो स्वतःच्या उसाला पाणी पाजत होता. ओरडा ऐकताच विलास गाडी घेऊन एकटाच निघून गेला. महादेव जागीच मरण पावला. शवविच्छेदनानुसार मानेवरचा वार मुख्य रक्तवाहिनी तोडणारा आणि निसर्गक्रमात मृत्यू घडवण्यास पुरेसा होता, खांद्यावरचा तसा नव्हता. पुतण्याच्या मनगटाचे हाड मोडले. चौघांवर खुनाचा आरोप आहे. प्रत्येकाचे दायित्व ठरवा.

उत्तर :

घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्याने भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू होते. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३४ आता कलम ३(५) मध्ये आहे. शब्दरचना जवळपास तशीच राहिल्याने कलम ३४ वरचे जुने निवाडे आजही मार्गदर्शक आहेत. उत्तरपत्रिकेत सवयीने नुसते "कलम ३०२ सह ३४" लिहू नये. या घटनेत ते चूक ठरते.

कलम ३(५) सांगते की अनेकांनी मिळून, सर्वांचा समान इरादा पुढे नेताना गुन्हेगारी कृत्य केले, तर त्यातील प्रत्येक जण ते कृत्य जणू त्याने एकट्याने केले असावे असा जबाबदार असतो. "समान इरादा पुढे नेताना" ही अट मूळ कलमात नव्हती, ती १८७० च्या दुरुस्तीने आली. सगळा वाद याच शब्दांभोवती फिरतो. हे कलम स्वतः गुन्हा निर्माण करत नाही, म्हणून "कलम ३(५) खाली दोषी" असे वाक्य कधीच लिहू नये. शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कलमाखाली होते. ३(५) फक्त एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी कधी येते ते सांगते.

बेकायदेशीर जमावाचे कलम १९० (जुने १४९) इथे एका ओळीत संपते. त्याला किमान पाच माणसे लागतात, इथे चारच आहेत. आणखी अनोळखी लोक होते असा पुरावाही नाही.

दत्तापासून सुरुवात करू, कारण त्याच्या बाबतीत ३(५) ची गरजच नाही. मानेवरचा वार त्याने स्वतः केला. कोयत्यासारखे शस्त्र, मानेसारखी जागा, आणि ती जखम निसर्गक्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी असल्याचे वैद्यकीय मत. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५८) मधील कसोटी अशी की आरोपीने नेमकी तीच जखम करण्याचा इरादा धरला होता का ते पाहायचे. ती जखम मृत्यूला पुरेशी आहे का, हा पुढचा प्रश्न वस्तुनिष्ठ आहे. दोन्ही उत्तरे दत्ताच्या विरोधात जातात. बाचाबाची झाली म्हणून "अचानक भांडण" हा अपवाद सुचतो, पण घरून पोत्यात कोयता गुंडाळून आणणाऱ्याला तो मिळत नाही. दत्ता कलम १०३(१) खाली खुनाचा दोषी. शिक्षा मृत्युदंड किंवा आजन्म कारावास, आणि दंड.

खरा प्रश्न संभाजीचा आहे. त्याने वार केला नाही, शस्त्र आणले नाही. बचाव पक्ष म्हणेल की तो फक्त महादेवला धाक दाखवायला गेला होता. हा बचाव एका झटक्यात फेटाळू नये, कारण त्याला आधार आहे. "मस्ती जिरवतो" या शब्दांचा अर्थ आपल्याकडे कुणीही खून असा घेत नाही. तालमीत, वर्गात, शेताच्या बांधावर रोज कुणी ना कुणी कुणाची मस्ती जिरवत असतो. टपरीवरच्या वाक्यावरून फार तर मारहाणीचा बेत सिद्ध होतो. ते वाक्य उचलून "म्हणून खुनाचा कट होता" असे लिहिणारा विद्यार्थी पुराव्यात नसलेले त्यात भरतो.

पण समान इरादा सकाळी टपरीवरच जन्मला पाहिजे असा नियम नाही. महबूब शाह विरुद्ध एम्परर (१९४५) मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पूर्वनियोजित बेताची गरज सांगितली. ऋषिदेव पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९५५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच विचार पुढे नेऊन सांगितले की असा बेत ऐनवेळी, घटनास्थळीही जुळू शकतो. अट एवढीच की कृत्यापूर्वी मने जुळलेली असावीत. ती जुळली की नाही हे थेट पुराव्याने क्वचितच कळते. वागणुकीवरून ताडावे लागते.

म्हणून विहिरीवरचे ते काही क्षण नीट पाहायला हवेत. दत्ताने पोते टाकले आणि कोयता उघडा झाला. संभाजीने कवळ घातली ती त्यानंतर. कोयता दिसण्याआधी कवळ घातली असती, तर ती साध्या मारहाणीच्या बेताशी जुळली असती. त्यानंतर पहिला वार झाला, महादेव ओरडला, रक्त आले. इथे संभाजीपुढे निवड होती. हात सैल केले असते तर महादेव वाचला असता की नाही हे सांगता येत नाही, पण संभाजीचा इरादा वेगळा होता असे म्हणायला जागा राहिली असती. त्याने उलट पकड कायम ठेवली आणि "सोडू नगंस" म्हणाला. शवविच्छेदनानुसार जीवघेणा ठरला तो यानंतरचा दुसरा वार. या घटनेची सारी गुरुकिल्ली या क्रमात आहे, आणि गुण देताना मी सर्वांत आधी हाच क्रम शोधतो.

पांडुरंग, तुकिया आणि भिलिया विरुद्ध हैदराबाद राज्य (१९५५) मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी सारखा इरादा आणि समान इरादा यांत फरक केला. अनेकांच्या मनात वेगवेगळा, पण एकसारखा इरादा असू शकतो. त्यांच्यात आधी मेळ नसेल तर एकाचे कृत्य दुसऱ्याचे होत नाही. दोहोंमधली भिंत पातळ असली तरी ती भिंत आहे. संभाजीच्या बाबतीत ही भिंत उरत नाही, कारण त्याचे हात आणि दत्ताचा कोयता एकाच कृत्याचे दोन भाग आहेत. एकाने धरले म्हणून दुसऱ्याला मारता आले. संभाजी कलम १०३(१) सह ३(५) खाली दोषी.

विलास मात्र वरवर पाहता बारेंद्र कुमार घोष विरुद्ध किंग एम्परर (१९२५) मधल्या आरोपीसारखा दिसतो. कलकत्त्याच्या शंकरीटोला टपाल कार्यालयात पोस्टमास्तरवर गोळ्या झाडल्या गेल्या. बारेंद्रचे म्हणणे होते की तो फक्त बाहेर उभा होता. प्रिव्ही कौन्सिलने त्याची शिक्षा कायम ठेवली, कारण जे नुसते उभे राहून वाट पाहतात तेही त्या कामात सेवाच बजावतात. हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ असते, म्हणून "विलास बाहेर उभा होता, सबब दोषी" असे बिनधास्त लिहिले जाते. पण बारेंद्र दरोड्याच्या बेतात सामील होता आणि पळताना त्याच्या हातात पिस्तूल होते. विलासबद्दल असे काय आहे? टपरीवर तो नव्हता. कोयता पोत्यात होता, आणि रात्रीच्या लाईटला मोटार सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पोते असणे नवलाचे नाही. ओरडा ऐकून तो मदतीला धावला नाही हे खरे. पण भावांना पळवून नेण्यासाठी थांबलाही नाही, त्यांना सोडून निघून गेला. सोबत्याला पळवण्यासाठी गाडी धरून बसलेला माणूस असा वागत नाही. सुरेश विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२००१) मध्ये रस्त्यावर उभ्या असलेल्या स्त्रीविरुद्ध नुसत्या हजेरीवरून समान इरादा धरायला न्यायालयाने नकार दिला. विलासला संशयाचा फायदा द्यावा लागेल.

रघुनाथचा भाग कठीण आहे आणि इथे परीक्षकांमध्येही मतभेद होऊ शकतो. त्याने पुतण्याला अडवले, म्हणजे एका अर्थी दुसऱ्या वाराला वाट करून दिली असे अभियोग पक्ष म्हणेल. पण त्याने पहिला वार पाहिला होता का? तो उसात होता, अंधार होता. एकमेव बॅटरी पुतण्याच्या हातात होती आणि तिचा उजेड रघुनाथच्या डोळ्यांवर येत होता. तो ओरडा ऐकून आला, कोयता पाहून नव्हे. मेहुण्याच्या भांडणात कुणीतरी धावत येतोय एवढेच त्याला दिसले, असा अर्थ निघू शकतो. महबूब शाहची हकिगत अशीच आहे. सिंधू नदीकाठी बोरूवरून तंटा झाला, नातेवाइकाच्या हाकेला महबूब शाह आणि वली शाह बंदुका घेऊन धावले. वली शाहच्या गोळीने एक जण मेला, महबूब शाहच्या गोळीने दुसरा जखमी झाला. नातेवाइकाला सोडवणे हा दोघांचा इरादा असू शकतो, ठार मारण्याचा समान इरादा सिद्ध होत नाही, असे सांगून प्रिव्ही कौन्सिलने महबूब शाहची खुनाची शिक्षा रद्द केली. रघुनाथलाही खुनासाठी ३(५) लावता येत नाही. स्वतःच्या कृत्याबद्दल मात्र तो सुटत नाही. हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे, म्हणून तो कलम ११७(२) खाली दोषी, सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. पुराव्यात एवढे जरी असते की काठी मारण्याआधी त्याने "भाऊजी, उरकून टाका" असे म्हटले, तर माझे उत्तर उलटे असते.

आता विलास आणि रघुनाथ समान इराद्यातून वगळल्यावर उरलेल्यांचे काय होते तेही लिहायला हवे. कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) मध्ये चार नावाजोग आरोपींपैकी तिघांना संशयाचा फायदा मिळाला. त्याच तिघांच्या साथीने कृत्य केले म्हणून चौथ्याला दोषी धरणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. आपल्या घटनेत मात्र दत्ता आणि संभाजी असे दोघे सिद्ध पुराव्यानिशी उरतात. कलम ३(५) ला एकाहून अधिक माणसे पुरतात, त्यामुळे संभाजीची खुनाची दोषसिद्धी विलास सुटल्याने किंवा रघुनाथचा गुन्हा वेगळा ठरल्याने डळमळत नाही.