प्रोजेक्ट फेलोच्या जागेबाबत नम्र नकार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या प्रकल्पात आपण मला जागा देऊ केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ही जागा मला स्वीकारता येणार नाही. शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितले होते. प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला लगेच बोलावता यावे म्हणून आजच कळवते आहे.

यूजीसी-जेआरएफवर कोल्हापूरला पीएच.डी.ची नोंदणी पक्की झाली आहे आणि १ ऑगस्टला रुजू व्हायचे आहे. जेआरएफ चालू असताना दुसरे मानधन घेता येत नाही, त्यामुळे दोन्ही जमण्यासारखे नाही. बेळगावातच राहून आपल्याकडे नोंदणी झाली असती तर प्रश्नच नव्हता, पण आपल्या आठही जागा भरलेल्या आहेत. प्रकल्प दोन वर्षांचा. त्यानंतर नोंदणीसाठी पुन्हा थांबणे परवडणारे नाही.

पायलटमधल्या २४ विहिरींचे काम अडू नये म्हणून थोडे लिहिते. एक्सेल फाइलमध्ये नायट्रेटचे दोन रकाने आहेत. पहिल्यात आकडा नायट्रोजन म्हणून आहे, दुसऱ्यात नायट्रेट म्हणून, पहिल्याला ४.४३ ने गुणले की दुसरा येतो. पिण्याच्या पाण्याची ४५ मि.ग्रॅ. प्रति लिटर ही मर्यादा दुसऱ्याच रकान्याला लावायची. पहिल्यातला १२ बघून विहीर चांगली समजली, तर प्रत्यक्षात ती ५३ वर असते.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. निपाणीकडच्या नोंदी मराठीत आणि हुक्केरीकडच्या कन्नडमध्ये असल्याने सीमेवरच्या दोन विहिरी दोनदा चढल्या होत्या. जीपीएसवरून त्या एकत्र केल्या आहेत, तरी पुढे नावावर न जाता विहिरीचा क्रमांकच धरावा. नव्या उमेदवाराला कन्नड बोलता येत असेल तर फार बरे. उसात खत कधी आणि किती पोती टाकले हे शेतकरी आपल्या भाषेतच नीट सांगतात.

बाटल्यांवर मार्करने लिहू नये, बर्फाच्या पेटीत ओल लागून पुसते. शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून वरून सेलोटेप. आणि ४ अंशांवर ठेवलेला नमुनाही ४८ तासांत तपासायला हवा. शनिवारी खानापुरातून आणलेल्या बाटल्या मंगळवारवर गेल्या की आकड्यावर भरवसा राहत नाही, म्हणून शनिवारची फेरी बंदच करावी.

प्रयोगशाळेची किल्ली, पीएच मीटर आणि दोन्ही नोंदवह्या बुधवारी सकाळी ११ वाजता आणून देईन. मीटरचा इलेक्ट्रोड कोरडा पडू नये म्हणून टोपीत केसीएलचे द्रावण भरून ठेवले आहे. कृपया कोणी ते ओतून डिस्टिल्ड वॉटर भरू नये. नवा उमेदवार ३१ जुलैपूर्वी आला, तर एक दिवस त्याच्याबरोबर निपाणीची फेरी करायला येईन.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपली विद्यार्थिनी,
प्राजक्ता