ओंकार, अल्कलाइन पाण्याबद्दल सांगते

ओंकार, तुझा मेसेज काल रात्री वाचला, तू पाठवलेला व्हिडिओपण शेवटपर्यंत बघितला, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. बाकी सगळं सावकाश बोलू पण तुझ्या शेवटच्या ओळीचं आधी सांगते. "पाणी सुरू केलंय तर बाबांच्या शुगरच्या गोळ्या हळूहळू कमी करून बघू" असं लिहिलंयस ना, ते अजिबात करू नका. पाणी प्यायचं तर पिऊ देत, गोळ्यांना हात लावू नका.

आता तुझं म्हणणं. शरीर ॲसिडिक झालं की आजार होतात, ९ पीएचचं पाणी प्यायलं की ते ॲसिड न्यूट्रल होतं, आणि अल्कलाइन शरीरात आजार टिकत नाही. ऐकायला पटतं कारण त्यात बारावीची केमिस्ट्री आहे, ॲसिड आणि बेस एकत्र आले की मीठ आणि पाणी, आणि ते खरंच आहे. फक्त कुठलं ॲसिड, किती ॲसिड आणि ते सांभाळतं कोण, हे त्या व्हिडिओत कोणी विचारतच नाही.

पहिला घोळ शब्दातच आहे बघ. आपण "ॲसिडिटी झालीय" म्हणतो तेव्हा छातीत जळजळ, आंबट ढेकर, पित्त असं म्हणायचं असतं. ती पोटातली गोष्ट झाली. "शरीराची ॲसिडिटी" म्हणताना मात्र ते लोक रक्ताबद्दल बोलत असतात. शब्द एकच असल्यामुळे ज्याला पित्ताचा त्रास आहे त्याला वाटतं आपलं अख्खं शरीरच ॲसिडिक झालंय. पोटातलं ॲसिड असायलाच हवं, त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, प्रोटीन तोडणारं पेप्सिन त्यातच नीट काम करतं आणि खाण्यातून आलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात.

आता गणित करू, तू सायन्सचा आहेस तर वही घेऊन बस. ९ पीएच म्हणजे एका लिटरमध्ये हायड्रॉक्साइड किती, तर ०.००००१ मोल, म्हणजे ०.०१ मिलिमोल. २ पीएचच्या ॲसिडमध्ये एका लिटरला १० मिलिमोल हायड्रोजन आयन असतात. म्हणजे तुझी एक लिटरची पूर्ण बाटली पोटातलं किती ॲसिड न्यूट्रल करणार, तर एक मिलिलिटर! आणि पोट दिवसाला दीड-दोन लिटर जठररस तयार करतं. याउलट कॅल्शियम कार्बोनेटची ५०० मिलिग्रॅमची एक साधी अँटासिड गोळी १० मिलिमोल ॲसिड खाते, म्हणजे नुसत्या पीएचचा हिशोब धरला तर तुझ्या पाण्याच्या हजार लिटरइतकं काम एका गोळीत. बाटलीत बायकार्बोनेट विरघळलेलं असेल तर आकडा बराच वाढतो हे मान्य, पण मग काम त्या क्षाराचं झालं, लेबलवरच्या ९ चं नाही. पीएच म्हणजे त्या क्षणी पाणी किती अल्कलाइन आहे, आणि ते किती ॲसिड पचवू शकतं ही वेगळी गोष्ट, हा फरक पुस्तकात असतो पण परीक्षा झाली की सगळेच विसरतात.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस, कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघ. कोनिकल फ्लास्कमध्ये ते पाणी १०० मिली घे, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाक, फिकट गुलाबी येईल. मग ब्युरेटमधून डेसिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक थेंब सोड आणि फ्लास्क हलवत रहा, मोजक्या थेंबांत गुलाबी रंग जाईल. पोटात तर याहून कितीतरी जास्त ॲसिड तयार असतं. सेमिनारमध्ये थेंब टाकून पाणी जांभळं करून दाखवलं असं तू लिहिलंयस, तो इंडिकेटरचा रंग आहे रे. पीएच बरोबर दाखवतो तो, पण त्या रंगावरून आजाराबद्दल काहीच कळत नाही.

आता रक्त. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, बस एवढीच पट्टी, आणि शरीर ती जीव लावून सांभाळतं. पेशी जे जाळतात त्यातून दिवसाला सुमारे १५ हजार मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो फुप्फुसं प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतात. शिवाय रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक मिलिमोल असं ॲसिड बनतं जे श्वासातून जाऊ शकत नाही, ते किडन्या लघवीतून काढतात. सत्तर किलोचा माणूस धर, ७० मिलिमोल. नुसत्या पीएचच्या हिशोबाने तुझ्या पाण्याने एवढं न्यूट्रल करायचं तर रोज सात हजार लिटर प्यावं लागेल. किडन्या हे काम आपण झोपलेलो असतानाही करत असतात, आणि कुठलं पाणी प्यायलो यावर ते अडून राहत नाही.

मी हे एवढं तळमळीने का लिहितेय तेही सांगते. माझ्या नोकरीची पहिली तीन वर्षं हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये रात्रपाळीत गेली, आयसीयूतून ब्लड गॅसची सिरिंज बर्फात घालून यायची, मशीनला लावली की दोन-तीन मिनिटांत आकडे. एकदा पहाटे आलेल्या सॅम्पलचा पीएच ७.०८ होता, आणि रक्तातलं ॲसिड झेलणारं बायकार्बोनेट ६, जे २२ ते २६ असायला हवं. मशीन चुकलं वाटून मी परत लावलं, तेच आलं. तुझ्याच वयाचा मुलगा होता, टाइप १ डायबेटिस, कोणाचं तरी ऐकून इन्सुलिन सोडलेलं. रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा त्याचा श्वास बघितला, खोल खोल, पळून आल्यासारखा, पडल्या पडल्या. जास्तीत जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून रक्त सावरायची फुप्फुसांची धडपड होती ती. खरी "शरीराची ॲसिडिटी" अशी दिसते ओंकार. ती आयसीयूत दिसते, आणि ती आजाराचं कारण नव्हती, आजारामुळे झाली होती. इन्सुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळायला लागलं, कीटोन साठले, त्यांनी रक्त ॲसिडिक केलं. इलाज काय होता, तर इन्सुलिनची ड्रिप, सलाइन आणि पोटॅशियमवर डोळ्यात तेल घालून लक्ष. दुसऱ्या दिवशी दुपारी पीएच ७.३२ वर आला, कोणी अल्कलाइन काही पाजलं नव्हतं.

व्हिडिओत नेमकं हेच उलटं करून दाखवलंय. किडनी फेल झाली की ॲसिड साठतं, फुप्फुसं बिघडली की कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्तात इन्फेक्शन पसरलं की लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिड, वाढतं. आधी आजार, मग ॲसिड. आणि रक्त जास्त अल्कलाइन झालेलंही चांगलं नसतंच, घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाचा पीएच वर जातो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, हात आखडतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्रासच आहे.

तुझा पीएच स्ट्रिपचा पुरावा राहिला. तीन दिवस पाणी प्यायल्यावर पट्टी ६ वरून ७.५ ला गेली, फोटो बघितला. त्या पाण्यात क्षार बऱ्यापैकी असतील किंवा जेवणात फरक पडला असेल, पण ती पट्टी लघवीची आहे, रक्ताची नाही. लघवीचा पीएच साधारण ४.५ ते ८ असा कुठेही फिरतो, आणि तो फिरतो म्हणूनच रक्ताचा फिरत नाही, जे जास्त झालं ते किडनीने लघवीत टाकून दिलं. तुला जो पाण्याचा विजय वाटतोय ते तुझ्या किडनीचं काम आहे.

कॅन्सरबद्दल. व्हिडिओत ओटो वॉरबर्गला "कॅन्सर ॲसिडमुळे होतो हे शोधल्याबद्दल नोबेल" असं म्हटलंय, ते खोटं आहे. त्याला १९३१ चं नोबेल श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी मिळालं. ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टेट बनवतात हे त्याने दाखवलं होतं, त्यामुळे गाठीच्या आजूबाजूचा भाग ॲसिडिक होतो हेही खरं. पण तो गाठीने केलेला बदल आहे. लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात तो द्रव ७.४ च्या आसपास ठेवतात, आणि त्या अल्कलाइन द्रवात त्या छान वाढतात. २०१६ मध्ये बीएमजे ओपन या मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला, आठ हजारांवर संदर्भ चाळून निकषात बसणारा अभ्यास फक्त एक सापडला, तोही आहाराच्या बाजूचा आणि त्यात संबंध दिसला नाही. अल्कलाइन पाण्याने कॅन्सर बरा होतो यावर एकही सापडला नाही. अमेरिकेत ही थिअरी पसरवणाऱ्या रॉबर्ट यंगला लायसन्स नसताना डॉक्टरकी केल्याबद्दल शिक्षा झाली, आणि २०१८ मध्ये एका कॅन्सर पेशंटच्या केसमध्ये ज्यूरीने त्याच्याविरुद्ध कोट्यवधी डॉलर्सच्या भरपाईचा निकाल दिला. त्या बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवून नेहमीची ट्रीटमेंट घेतली नव्हती. त्यांचा गेलेला वेळ पैशांनी परत येत नाही, म्हणून मला हा विषय हलका घेता येत नाही.

यात काहीच खरं नाही असंही मी म्हणणार नाही. ८.८ पीएचच्या पाण्यात पेप्सिन निकामी होतं हे २०१२ मध्ये लॅबमध्ये दाखवलंय, त्यामुळे घशापर्यंत येणाऱ्या रिफ्लक्समध्ये थोडा आराम पडू शकेल असं काही डॉक्टरांना वाटतं, पण ते टेस्ट ट्यूबमधलं काम होतं. किडनीच्या काही पेशंटना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, रक्त तपासून, डोस ठरवून. आणि पाणी सुरू केल्यापासून तुला फ्रेश वाटतंय ते खोटं नसेल, तू आधी दिवसभर पाणीच पीत नव्हतास हे काकू मला कितीदा म्हणाल्यात, आता तीन लिटर पितोयस. साधं पाणी पिऊनही तसंच वाटलं असतं.

अल्कलाइन पाण्याच्या मशीनचे पैसे भरले नसतील तर भरू नका, भरले असतील तर परत मिळतात का ते आधी विचार.

आणि काका. त्यांना टाइप २ आहे, त्या मुलासारखं एका रात्रीत होईल असं मी म्हणत नाही, पण गोळ्या कमी केल्या की शुगर हळूहळू चढते, बऱ्याचदा काही जाणवतही नाही, आणि डोळे, किडनी, पायाच्या नसा यांचं नुकसान तोपर्यंत सुरू झालेलं असतं. त्यांना खरंच गोळ्या कमी करायच्या असतील तर तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट करून त्यांच्या डॉक्टरांशी बोलू, मी येते सोबत. तू "बघू" लिहिलंयस म्हणजे अजून काही केलं नाहीये असं धरून चाललेय, पण एखादी गोळी आधीच बंद केली असेल तर लपवू नकोस, मी रागावणार नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी मीटरवर त्यांची शुगर बघ आणि आकडा मला पाठव, आणि गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटोपण काढ, दोन्ही बाजूंनी, नाव आणि किती उरल्यात ते दिसेल असा. मी सातपासून जागी असते.